लग्नपत्रिकेच्या माथ्यावरची ओळ : कोल्हापूर, इंदूर आणि ‘चांगभलं’

कोल्हापुरात लग्नपत्रिका छापायला टाकण्यापूर्वी घरात हमखास एक बैठक होते. मुहूर्त ठरलेला असतो, नावांचा क्रमही कसाबसा जुळलेला असतो. वाद उरतो तो माथ्यावरच्या चार शब्दांचा. एका घराला ‘श्री जोतिबा प्रसन्न’ हवे असते, तर दुसऱ्या घराचे दैवत निराळे असते. दोन्ही घरांच्या पत्रिका वेगवेगळ्या निघत, तोवर हा प्रश्न उद्भवत नसे. एकच पत्रिका काढायची ठरली की तो उभा राहतो, आणि घरे दोन जातींची असतील तर त्याला इतिहासाचे वजन येते.

ही ओळ आली जुन्या पत्रव्यवहारातून. मोडी पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ असे, पुष्कळदा त्याला जोडून दैवताचे नाव असे आणि मगच मायना सुरू होई. मायन्यातील शब्द मात्र जातीने व दर्जाने बांधलेले होते. ब्राह्मण लेखक ब्राह्मणेतराला ‘आशीर्वाद’ लिही, ब्राह्मणेतर उलट ‘दंडवत’ लिही. मराठे आपसांत ‘रामराम’ लिहीत. महारांच्या वाट्याला ‘जोहार’ आला होता. म्हणजे आशीर्वाद हा शब्द वरून खाली वाहणारा होता. तो कोणी कोणाला द्यायचा हे आधीच ठरलेले असे. ‘प्रसन्न’ या शब्दाचे सामर्थ्य येथेच आहे. ‘श्री अमुक प्रसन्न’ या वाक्याचा कर्ता देव असतो. त्यात कोणीही माणूस दुसऱ्या माणसाला आशीर्वाद देत नाही, म्हणून ही ओळ कोणत्याही घराच्या पत्रिकेवर शोभते.

कोल्हापुरात मात्र आशीर्वाद कोणी द्यावा, हा प्रश्न कागदावर थांबला नाही. १८९९ मध्ये वेदोक्त प्रकरणाला तोंड फुटले. छत्रपतींच्या घरचे विधी वेदोक्त मंत्रांनी व्हावेत की पुराणोक्त, हा त्यातील उघड वाद. पण त्याखाली अधिकाराचा प्रश्न होता. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा उभी राहिली आणि पुरोहिताविना लग्ने लागू लागली. महात्मा फुल्यांनी घालून दिलेल्या पद्धतीत वधू आणि वर स्वतःच परस्परांशी बोलतात, जमलेली माणसे त्यांचे भले चिंतितात. आशीर्वादाची दिशाच येथे बदलली. पुढे १९२० मध्ये राजर्षी शाहूंनी क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापून सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांची नेमणूक केली. सत्यशोधक मार्ग आणि हे पीठ एकमेकांशी फारसे जुळत नव्हते, आणि तत्कालीन सत्यशोधकांनाही ते खटकले. तो विषय स्वतंत्र आहे.

याच काळात शाहू महाराजांनी मराठा आणि धनगर समाजांत विवाह घडवून आणण्याचे मनावर घेतले. विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ मध्ये आंतरजातीय हिंदू विवाहांना कायदेशीर मान्यता देणारे विधेयक मांडले, तेव्हा महाराजांनी त्याला जाहीर पाठिंबा दिला. विधेयक पुढे गेले नाही, पण कोल्हापूर संस्थानाने आपल्यापुरता कायदा केला. सुरुवात त्यांनी आपल्या जन्मघराण्यापासून केली. कागलच्या घाटगे घराण्यातील कन्या इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे पुत्र यशवंतराव यांना द्यायचे ठरले. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. विवाह १९२४ मध्ये झाला. कन्या पुढे संयोगिताराजे होळकर म्हणून ओळखली गेली.

आता या दोन घरांच्या परंपरा समोर ठेवून एक ओळ शोधायची झाली, तर काय हाती लागते?

इंदूरकडून पहिला शब्द येतो तो ‘श्री शंकर’. अहिल्याबाई होळकरांनी राज्य शंकराच्या नावे चालवले. आज्ञापत्रांवर त्यांच्या नावाऐवजी ‘श्री शंकर’ येई. परंतु ती राज्यकारभाराची ओळ आहे. तिच्यामागे सिंहासन उभे राहते आणि दुसरे घर आपसूक पाहुणे ठरते. लग्नपत्रिकेवर असे शब्द जपूनच वापरावे लागतात.

दुसरा मार्ग होळकरांच्या कुलदैवताचा, म्हणजे जेजुरीच्या खंडोबाचा. घराण्याच्या मूळपुरुषाचे ‘मल्हारराव’ हे नावही त्याचेच. खंडोबा हे पुष्कळ मराठा घरांचेही कुलदैवत आहे. शिवाय त्याच्या परंपरेत म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि बाणाई धनगराची. ज्या देवाच्या देव्हाऱ्यातच दोन जातींच्या सुना नांदतात, त्याचे नाव अशा पत्रिकेवर शोभून दिसते. अडचण एकच. वधूच्या घरचे कुलदैवत दुसरे असेल, तर ‘श्री खंडोबा प्रसन्न’ ही पुन्हा एकाच घराची ओळ होते.

तिसरा मार्ग पत्रिकांवर नेहमी दिसतो : मध्यभागी गणपती, खाली डावीकडे एक कुलदैवत, उजवीकडे दुसरे. हा तोडगा निरुपद्रवी आहे, पण डावीकडे कोण या प्रश्नावर भांडण पुन्हा सुरू होते. गणपती सर्वांना चालतो हे गृहीतकही तपासून घ्यावे. जैन किंवा बौद्ध घर समोर असेल, तर ते तेथेच कोसळते.

चौथी ओळ कोल्हापूरच्या मातीतच आहे आणि तिच्याकडे पत्रिका लिहिणाऱ्यांचे लक्ष क्वचित जाते. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, तेव्हा ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ हा गजर होतो. त्याच जिल्ह्यात पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याच्या पिवळ्या धुळीत धनगर समाज ‘विठ्ठल-बिरदेवाच्या नावानं चांगभलं’ म्हणतो. देव वेगळे, जमाव वेगळा, शब्द तोच. ‘चांग’ म्हणजे चांगले, ‘भलं’ म्हणजेही चांगलेच. एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी ठेवून भले व्हावे ही इच्छा ठासून सांगितली आहे. आणि ती सांगतो कोण? एकटा पुरोहित नव्हे, सगळा जमाव. सत्यशोधकांनी आशीर्वादाची जी दिशा बदलली, ती या लोकघोषात कितीतरी आधीपासून तशीच होती.

म्हणून कोल्हापूरकडील मराठा आणि धनगर घरांची एकत्र पत्रिका असेल, तर ‘जोतिबा-बिरदेवाच्या नावानं चांगभलं’ ही ओळ दोन्ही घरांची ठरते. आधी कोणते नाव घ्यायचे हा प्रश्न राहतोच. पण येथे दोन्ही नावे एकाच विभक्तीत, एकाच आशीर्वादाला जोडलेली आहेत. डावी-उजवी बाजू नाही. नावांवर एकमत झालेच नाही, तर नुसते ‘चांगभलं’ही पुरते. घर जैन, बौद्ध किंवा मुस्लिम असेल, तर मात्र ही ओळ त्यांच्यावर लादू नये. तेथे देवाचे नाव नसलेली साधी शुभेच्छाच बरी.

छपाईपूर्वी एक गोष्ट तपासावी. प्रुफे वाचणारा शुद्धलेखनाच्या आग्रहाने ‘नावानं चांगभलं’चे ‘नावाने चांगभले’ करून ठेवतो. व्याकरणदृष्ट्या त्यात चूक काढता येणार नाही. पण डोंगरावर तसे कोणी ओरडत नाही, आणि पत्रिका हाती पडलेल्या आजीला ती ओळ आपली वाटणार नाही. अनुस्वार राहू द्यावा.