पेरँचा तक्ता संगणकावर

झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाचे ‘अणू’ हे पुस्तक १९१३ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शेवटी एक तक्ता आहे. एका ग्रॅम-रेणूत किती रेणू असतात, ती संख्या N, निरनिराळ्या मार्गांनी मोजून त्यात शेजारीशेजारी मांडली आहे. इतक्या वेगळ्या वाटांनी जवळपास एकच उत्तर येते, हाच पेरँचा अणूंच्या बाजूने युक्तिवाद होता. म्हणून तक्ता उतरवताना आकडा बिघडला तर युक्तिवादच बिघडतो.

प्रत्येक ओळीत 10²² छापण्याऐवजी तो एकदाच, स्तंभाच्या मथळ्यात N/10²² असा दिला आहे. म्हणजे खालचे आकडे N ला 10²² ने भागून आलेले आहेत. N हवा असेल तर आपण गुणायचे. घाईत अनेकजण भागतात. पानाचा फोटो काढून संगणकाकडून अक्षरे वाचून घेतली, तर वर चढवलेला २२ खाली उतरतो आणि मथळ्यात 1022 उरते. त्याने गुणले की ६८.३ चे ६९८०२.६ होतात. संगणक मुळीच तक्रार करत नाही!

ब्राउनीय गतीच्या चार ओळी घेऊ: 68,3, 68,8, 65, 69. फ्रेंच छपाईत स्वल्पविराम हेच दशांश चिन्ह असते. आपल्याकडचा स्प्रेडशीट कधी त्याचे 683 करतो. तेव्हा सरासरी ३७६.२५ येते व चूक लगेच दिसते. पण कधी तो 68,3 ला मजकूर समजतो, आणि सरासरी काढताना मजकुराची घरे गुपचूप वगळतो. मग उत्तर येते ६७. खरे आहे ६७.७७५. हा फरक डोळ्यांना खुपत नाही, म्हणून तो अधिक घातक. ओळखायची खूण अशी, की मजकूर घराच्या डाव्या कडेला चिकटतो, संख्या उजव्या. आणि `=COUNT(A2:A5)` ४ ऐवजी २ सांगतो.

यासाठी आम्ही आकडे भरण्याआधीच A स्तंभ मजकूर म्हणून ठरवतो, मूळ छपाई तशीच उतरवतो, आणि B मध्ये लिहितो:

```
=SUBSTITUTE(A2,",",".")*1E22
```

यातला E म्हणजे ‘गुणिले दहाचा अमुक घात’. १९५७ च्या फोरट्रान भाषेतही तो होता. छिद्रित कार्डावर घातांक वर चढवण्याची सोय नव्हती. 10²² साठी 10E22 लिहू नये; ते दहापट होते.

उत्तर 6.83E+23 दिसेल. साध्या रूपात ते 683000000000000000000000 होते, पण त्यातले फक्त पहिले तीन अंक पेरँने मोजलेले आहेत. पुढची शून्ये केवळ जागा भरतात. पडताळ्यासाठी २०१९ पासून निश्चित केलेले मूल्य, 6.02214076E+23, शेजारी ठेवावे. पेरँचा आकडा त्याहून सुमारे तेरा टक्के जास्त आहे. ही तफावत पेरँच्या मोजणीतली आहे, ती दुरुस्त करायची नाही.