तिकिटावरच्या टकरीची कुळकथा

कंपन्यांमधल्या तक्रारी, दोष आणि विनंत्या आज ज्या तिकिटांवर नोंदवल्या जातात, त्यांच्यावर माणसं आणि स्क्रिप्ट दोघंही हात चालवतात. एकाच तिकिटाला दोघांनी जवळजवळ एकाच क्षणी हात लावला आणि एकाचा बदल दुसऱ्याने पुसला, तर त्याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात. याच्यावरचा उपाय जुना आहे आणि बऱ्याचशा तिकीट-व्यवस्थांमध्ये तो असतोही. तरीही बदल पुसले जातात. त्याचं कारण उपायाच्या तर्कात सापडत नाही, त्याच्या जन्मात सापडतं. हा उपाय पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी घडला, आणि स्क्रिप्ट नंतर दुसऱ्याच दाराने आत आली.

पहिला उपाय कुलुपाचा होता. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस ही फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली लिहिली. तिच्यात फाइल बदलायची असेल तर आधी ती कुलूप लावून बाहेर काढायची, आणि परत ठेवेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. नियम निर्दोष आहे, पण कुलूप लावणारा माणूस जेवायला, सुट्टीवर किंवा दुसऱ्या कामाला जातो हे त्यात धरलेलं नाही. ॲमस्टरडॅमच्या व्ह्राये विद्यापीठात डिक ग्रून हे दोन विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेच्या कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी नियमित वेळेत येणारा, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही, आणि ग्रून यांना फक्त संध्याकाळी सवड. कुलूप घालून हे तिघं एकमेकांची वाट बघत बसले असते. म्हणून ग्रून यांनी आरसीएसच्या भोवती काही शेल स्क्रिप्ट रचल्या. प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी, हवा तेव्हा बदल करावा, आणि परत ठेवताना मधल्या काळात मूळ बदललंय का ते तपासावं, अशी ती रचना होती. 1986 मध्ये त्या त्यांनी जाहीरपणे वाटल्या. पुढे सीव्हीएस या नावाने जी प्रणाली जगभर वापरली गेली तिचं मूळ हेच.

डेटाबेसच्या बाजूला हाच विचार थोडा आधी आला होता. 1981 मध्ये कुंग आणि रॉबिन्सन यांनी एका शोधनिबंधात म्हटलं की टकरी जर क्वचितच होत असतील, तर प्रत्येक वाचणाऱ्याकडून आणि लिहिणाऱ्याकडून कुलुपाची किंमत वसूल करण्यात अर्थ नाही. वाचा, आपल्या जागी काम करा, लिहिण्याआधी पडताळा. पडताळणी फसली तर पुन्हा सुरू करा. इथे ‘पुन्हा सुरू करा’ याचा अर्थ वाचण्यापासून पुन्हा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे स्क्रिप्ट लिहिणारे नेमकं तेवढंच विसरले.

तिकिटांमध्ये हा विचार ठळकपणे दिसला तो बगझिलामध्ये. 1998 मध्ये नेटस्केपमध्ये टेरी वाइसमन यांनी मोझिला प्रकल्पासाठी ही दोष-नोंदवही लिहिली. तिच्यात प्रत्येक नोंदीला `delta_ts` नावाचा शेवटच्या बदलाचा वेळ-शिक्का असतो. फॉर्म उघडताना तो शिक्का लपवलेल्या रकान्यात सोबत जातो आणि जतन करताना परत येतो. मधल्या काळात शिक्का पुढे सरकला असेल, तर सर्व्हर बदल स्वीकारत नाही, ‘Mid-air collision!’ अशा मथळ्याचं पान दाखवतो. दुसऱ्याने काय बदललं ते तिथे दिसतं आणि पुढचा निर्णय माणसावर सोपवलेला असतो: तरीही माझे बदल टाका, किंवा माझे बदल सोडून द्या आणि नोंद नव्याने बघा. विमानांच्या धडकेचं नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी होती हे मान्य करावं लागेल.

या पानाची गरज का होती हे एका उदाहरणाने बघू. समजा, तिकीट क्रमांक 7315 ची स्थिती ‘नवीन’ आहे, प्राधान्य ‘साधारण’, आणि ‘कोणाकडे’ हा रकाना रिकामा. एका कर्मचाऱ्याने 11:58 ला ते उघडलं. ठीक 12:00 ला स्क्रिप्टने तक्रारीतले शब्द पाहून तिकीट नेटवर्कच्या गटाकडे सोपवलं आणि स्थिती ‘सोपवलेले’ केली. कर्मचाऱ्याने 12:01 ला फक्त प्राधान्य ‘तातडीचे’ केलं आणि जतन केलं. पण जुन्या पद्धतीचा वेब-फॉर्म बदललेला रकाना तेवढा पाठवत नाही, सगळे रकाने पाठवतो. त्यामुळे त्याच्याबरोबर ‘स्थिती: नवीन’ आणि ‘कोणाकडे: रिकामं’ हेही गेलं. पडताळणी नसेल तर स्क्रिप्टचं काम पुसलं गेलं, आणि नेटवर्कच्या गटाच्या यादीतून तातडीचं तिकीट एका मिनिटात नाहीसं झालं.

यावर पहिला आक्षेप नेहमी असा येतो की तिकिटाचा इतिहास शिल्लक असतोच, मग हरवलं काय? इतिहास खरंच शिल्लक असतो, पण तो खोटा बोलतो. त्यात 12:01 च्या ओळीत त्या कर्मचाऱ्याच्या नावावर ‘सोपवलेले’ वरून ‘नवीन’ असा बदल लिहिलेला असतो, जणू त्याने जाणूनबुजून गटाला बाजूला केलं. त्याने ते शब्द पाहिलेही नव्हते. अशी टक्कर ओळखायची खूणही हीच आहे: एकाच जतनात आधीच्या काही मिनिटांतला दुसऱ्याचा बदल तंतोतंत उलटलेला असतो, आणि त्याचं कारण सांगणारा एक शब्दही कुठे नसतो.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. स्क्रिप्ट वाचते आणि लिहिते यात सेकंदाचा अंशच जातो. तेवढ्या फटीत कोण सापडणार? पण वरच्या उदाहरणात फट स्क्रिप्टची नव्हती, माणसाची होती, आणि ती तीन मिनिटांची होती. टक्कर व्हायला दोनपैकी एकाची फट रुंद असली की पुरते. शिवाय स्क्रिप्ट एकटं तिकीट क्वचितच हाताळते. ती शंभर तिकिटं एकदम वाचून यादी बनवते आणि मग एकेकावर लिहीत जाते. शंभराव्या तिकिटापर्यंत पोहोचते तेव्हा तिची माहिती कित्येक मिनिटं शिळी झालेली असू शकते.

आता पडताळणीच्या आतल्या कारागिरीकडे येऊ, कारण ‘आधी बघा आणि मग लिहा’ एवढ्याने भागत नाही. बघणं आणि लिहिणं या दोन पायऱ्या असल्या, तर त्यांच्या मधेही कोणीतरी शिरू शकतं. बगझिला सुरुवातीच्या काळात लिहिण्यापुरती डेटाबेसची टेबलं कुलूपबंद करत असे. म्हणजे विचार चालू असताना कुलूप नाही, लिहिताना क्षणभर आहे. वेळ-शिक्क्याची आणखी एक अडचण अशी की तो सेकंदापर्यंतच मोजत असेल, तर एकाच सेकंदातले दोन बदल त्याला एकच दिसतात. माणसांच्या वेगाला सेकंद पुरत होता, स्क्रिप्टच्या वेगाला पुरत नाही. म्हणून शिक्क्याच्या जागी प्रत्येक बदलाला एकाने वाढणारा आवृत्ती क्रमांक ठेवणं बरं. रूबी ऑन रेल्समध्ये `lock_version` या नावाच्या रकान्याने हेच होतं, आणि त्यावर उभ्या असलेल्या रेडमाइनच्या तिकिटांमध्येही तो रकाना आहे. पडताळणी आणि लेखन मग एकाच आज्ञेत बसतात:

```
UPDATE tickets
SET priority = 'High', lock_version = 42
WHERE id = 7315 AND lock_version = 41;
```

मधे कोणी लिहिलं असेल तर क्रमांक आता 41 राहिलेला नसतो, आज्ञेला एकही ओळ सापडत नाही, आणि ‘बदललेल्या ओळी: शून्य’ हे उत्तरच टकरीची खबर असते. ते शून्य न बघता पुढे जाणारी स्क्रिप्ट मात्र आपलं काम झालं असं समजते.

वेबवर याच गोष्टीला 1997 च्या एचटीटीपी 1.1 मध्ये रूप मिळालं. सर्व्हर वाचणाऱ्याला मजकुराबरोबर `ETag` नावाची खूण देतो. लिहिणाऱ्याने ती `If-Match` मध्ये परत पाठवायची. खूण जुळली नाही तर उत्तर 412, आणि काहीच लिहिलं जात नाही. 1999 मध्ये डब्ल्यूथ्रीसीने प्रसिद्ध केलेल्या हेन्रिक फ्रिस्टिक नील्सन आणि डॅनियल लालिबर्ट यांच्या टिपणात तर याच खुणेने लॉस्ट अपडेट कसा पकडायचा ते पायरीपायरीने सांगितलं होतं. पण हे सगळं ऐच्छिक होतं. फॉर्ममध्ये लपवलेला शिक्का व्यवस्था स्वतः घालते, माणसाला त्याची कल्पनाही नसते. स्क्रिप्टच्या दारात तो शिक्का लिहिणाऱ्याने आठवणीने घालावा लागतो, आणि तो न घालणाऱ्याला बहुतेक दारं मुकाट्याने आत सोडतात. ट्रॅक या तिकीट-व्यवस्थेच्या एक्सएमएल-आरपीसी जोडणीत याचा लेखी पुरावा आहे. तिथे तिकीट बदलताना `_ts` ही खूण पाठवता येते. ती न पाठवण्याची जुनी रीत कालबाह्य ठरवलेली आहे आणि पुढे तिच्यावर चूक दाखवली जाईल असा इशाराही दिलेला आहे, पण तोवर चालते. माणसाला जी सक्ती, ती स्क्रिप्टला सूचना.

तिसरा आक्षेप असा की स्क्रिप्टने फक्त आपला रकाना पाठवावा, म्हणजे खुणेची गरजच नाही. पहिलं अर्ध खरं आहे. पूर्ण तिकीट वाचून, एक रकाना बदलून, पूर्ण तिकीट परत लिहिणारी स्क्रिप्ट त्या जुन्या फॉर्मचीच चूक करते. बगझिलाच्या एपीआयमध्ये कीवर्डच्या यादीसाठी `add` आणि `remove` असतात ते याचसाठी. अख्खी यादी बदलणारं `set` वापरलं की दुसऱ्याने नुकताच घातलेला शब्द जातो. पण रकाने वेगळे असले तरी निर्णय एकमेकांवर टेकलेले असू शकतात. तीस दिवस कोणी बोललं नाही म्हणून स्क्रिप्ट तिकीट बंद करते, आणि त्याच क्षणी ग्राहक लिहितो की अडचण अजून आहे. एकाने स्थिती बदलली, दुसऱ्याने टिप्पणी घातली, कोणाचंच काही पुसलं गेलं नाही. तरी तिकीट चुकीने बंद आहे, कारण ‘तीस दिवस शांतता’ हा आधार लिहिण्याच्या क्षणी उरलेला नव्हता. रकाने वेगळे ठेवून हे पकडता येत नाही. वाचलेल्या आवृत्तीशी निर्णय बांधला तरच पकडता येतं, आणि तेही टिप्पणीने आवृत्ती क्रमांक वाढत असेल तरच. टिप्पण्या वेगळ्या टेबलात असलेल्या व्यवस्थेत हे आधी तपासून घ्यावं. जुन्या माहितीवर न टेकलेल्या बदलांना, उदाहरणार्थ स्क्रिप्टने नुसती टिप्पणी जोडण्याला, खुणेची गरज खरोखरच नसते.

412 आल्यावर काय करायचं, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. उत्साही स्क्रिप्ट नवी खूण वाचते, जुनाच बदल तिच्याबरोबर पाठवते, आणि तो स्वीकारला जातो. खूण ताजी, निर्णय शिळा. बगझिलाच्या त्या पानावर दरवेळी डोळे मिटून ‘तरीही टाका’ दाबण्याचाच हा प्रकार आहे; फरक एवढाच की माणसाने निदान समोरचा फरक पाहिलेला असतो. योग्य क्रम कुंग आणि रॉबिन्सन यांचाच: तिकीट पुन्हा वाचा, नियम पुन्हा लावा, आणि नियम आता लागू होत नसेल तर काहीच लिहू नका. दोन-तीनदा टक्कर झाली तर तिकीट बाजूला ठेवून पुढच्या फेरीत बघावं. ज्यावर इतक्या वेगाने हात चालतायत त्यावर बहुधा माणूस काम करतोय, आणि त्याच्या फॉर्मवर दर सेकंदाला टक्कर आणणं हीदेखील एक अडवणूकच आहे.

दार बंद करण्याची सोय मात्र उशिरा आली. एप्रिल 2012 मध्ये मार्क नॉटिंगहॅम आणि रॉय फील्डिंग यांच्या आरएफसी 6585 ने 428 हा नवा क्रमांक दिला आणि त्याचं कारण म्हणून लॉस्ट अपडेटचंच नाव घेतलं. खूण न लावता आलेला बदल सर्व्हर आता या क्रमांकाने सरळ परत पाठवू शकतो. तो क्रमांक वापरायचा की नाही हे अजूनही त्या-त्या व्यवस्थेच्या मर्जीवर आहे. आपल्या व्यवस्थेची मर्जी काय आहे ते कळायला चाचणीचं एक तिकीट पुरतं: ते पडद्यावर उघडून ठेवायचं, स्क्रिप्टने खूण न लावता बदलायचं, मग पडद्यावरून जतन करायचं, आणि पुन्हा तेच उलट क्रमाने, म्हणजे स्क्रिप्टने आधी वाचल्यावर पडद्यावरून बदल करून नंतर तिला लिहायला लावायचं. कित्येक ठिकाणी पहिल्या चाचणीत इशारा येतो आणि दुसरीत येत नाही.