पहाटे 3.52 च्या आधी आणि नंतर

राजेगाव परिसरातल्या एका प्रसूतीचा हा घटनाक्रम. बाळ कल्पित आहे. त्या रात्रीच्या चुका मात्र प्रसूतिगृहांत खरोखर होतात, त्या इथे एकत्र गुंफल्या आहेत.

रात्री 11.40. पहिलटकरीण, दिवस पूर्ण भरलेले. गर्भाशयाचे तोंड 5 सेंटिमीटर उघडलेले. बाळाचे ठोके मिनिटाला 142, म्हणजे उत्तम. प्रसूतीच्या आलेखावर पहिली खूण होते. तीच शेवटचीही ठरते.

2.00. "कळा मंदावल्यात." दंडात ऑक्सिटोसिनची सुई दिली जाते. हेच औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने दिले, तर गरज पडताच थांबवता येते. टोचलेली सुई परत घेता येत नाही.

2.35. कळांवर कळा. कळ आली की वारेकडचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि दोन कळांच्या मधल्या उसंतीत बाळाला पुन्हा प्राणवायू मिळतो. आता ती उसंतच राहिलेली नाही. पाणी फुटते, हिरवट असते. बाळाने पोटातच शी केली आहे. कागदावर नोंद नाही.

2.50. कळ ओसरल्यावरही ठोके 104. हळूहळू 120 वर येतात. "आईचीच नाडी लागली असेल." आईच्या मनगटावर बोट ठेवले असते तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. तिला डाव्या कुशीवर वळवून डॉक्टरांना बोलावण्याची हीच वेळ होती.

3.10. तोंड पूर्ण उघडले. इथून दर पाच मिनिटांनी ठोके ऐकायचे असतात. पुढची 42 मिनिटे कोणी ऐकत नाही. सगळे "जोर लाव, जोर लाव" म्हणत राहतात.

3.52. जन्म. बाळ लुळे, रडत नाही.

3.53. पहिले मिनिट संपले. श्वास न घेणाऱ्या बाळाच्या फुप्फुसांत अंबू बॅगने हवा भरायला एव्हाना सुरुवात व्हायला हवी होती. पाठ चोळली जाते, नाकाजवळ ऑक्सिजनची नळी धरली जाते. जे बाळ श्वासच ओढत नाही, त्याला त्या नळीचा काय उपयोग?

3.56. लहान मास्क सापडतो. बॅग सुरू होते.

4.02. ठोके 130. धापा टाकत श्वास येतो. दहाव्या मिनिटाचा अपगार गुण 4. सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

मेंदूत काय चालले आहे? प्राणवायू तुटला तेव्हा पेशींची ऊर्जा आटली, आम्ल साचले, क्षार बाहेर फेकणारे पंप थांबले. पेशींत पाणी आणि कॅल्शियम शिरले. काही पेशी तेव्हाच मेल्या. रक्त परतल्यावर बाकीच्यांची ऊर्जा सावरली, पण त्यांच्या आत घातक साखळी सुरू झाली आहे. साधारण सहा तासांनी ऊर्जा पुन्हा कोसळू लागते आणि हा दुसरा घाव बहुधा मोठा असतो. मधली वेळ फसवी शांत असते. उपचाराला जागा आहे ती एवढीच.

5.00. वॉर्मर पूर्ण चालू. "उबेत ठेवा बाई," आजी सांगते. एरवी सल्ला योग्यच. पण बाळाचे तापमान 37.9 झाले आहे, आणि इजा झालेल्या मेंदूत ताप नासाडी वाढवतो.

5.20. बाळ अंगावर ओढत नाही. हात लुळे, नजर स्थिर. "थकलं असेल."

6.05. डॉक्टर तपासतात. वॉर्मर बंद. 108 ला फोन.

6.50. गाडी बाघ नदीचा पूल ओलांडून गोंदियाकडे निघते.

8.10. गोंदियाहून नागपूरकडे. बाळाला थंड ठेवायचे यंत्र तिथे आहे.

9.52. जन्माला सहा तास. गाडी अजून रस्त्यावर.

10.40. ओठ चघळल्यासारखे हलतात, पाय सायकल मारल्यासारखे. झटके सुरू झाले.

11.30. नागपूर.

वेळेत पोचले असते तर गुदद्वारातून मोजलेले तापमान 33.5 अंशांवर आणून 72 तास तिथेच राखले असते. मग तासाला अर्ध्या अंशाहून जास्त नाही, इतक्या सावकाश ऊब दिली असती. थंडीत पेशींची ऊर्जेची मागणी घटते आणि ती साखळी मंदावते. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत असे साधारण सात बाळांना थंड केल्यावर एकाचा मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व टळले.

इथे मात्र हातचे राखून बोलावे लागते. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांवरची हेलिक्स चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईचे शीव रुग्णालय तिच्यात होते. मृत्यू किंवा मध्यम-गंभीर अपंगत्व थंड केलेल्यांत 50 टक्के, न केलेल्यांत 47. मृत्यू 42 विरुद्ध 31 टक्के. मेंदूच्या चित्रांवरून काही संशोधकांना वाटते, की इथल्या बऱ्याच बाळांची इजा जन्माच्या बऱ्याच आधी, कळांच्या तासांत सुरू झालेली असते. तसे असेल तर सहा तास 3.52 पासून मोजणेच चुकीचे. या बाळाचे घड्याळ 2.35 लाच सुरू झाले होते.

घरातली बाई प्रसूतिगृहात असेल तर विचारा: ठोके शेवटचे कधी ऐकले, किती होते, कुठे लिहिले?