मूत्रपिंडीय निष्कासन

मूत्रपिंडीय निष्कासन म्हणजे रक्तद्रवाचे असे घनमान, की जे एखाद्या पदार्थापासून मूत्रपिंडांकडून एका मिनिटात पूर्णपणे मुक्त झाले असे मानता येते. प्रयोगशाळांत व रुग्णालयांत यासाठी ‘क्लिअरन्स’ हा शब्द रूढ आहे. हे घनमान मिलिलिटर प्रतिमिनिट या एककात मांडतात. ते गणिताने काढलेले घनमान आहे. रक्तद्रवाचा एखादा भाग प्रत्यक्षात वेगळा काढून पूर्ण स्वच्छ केला जात नाही. मूत्रपिंडातून जाणाऱ्या सर्वच रक्तद्रवातून पदार्थाचा काही अंश काढला जातो, आणि तो अंश किती रक्तद्रवातील संपूर्ण साठ्याएवढा आहे, हे निष्कासनावरून कळते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड व्हॅन स्लाइक व त्यांच्या सहकाऱ्यांनी यूरियाच्या अभ्यासात ही संज्ञा वापरली.

## सूत्र

C = (U × V) / P

येथे C म्हणजे निष्कासन, U म्हणजे मूत्रातील पदार्थाची संहती, V म्हणजे मूत्राचा प्रतिमिनिट प्रवाह आणि P म्हणजे रक्तद्रवातील संहती होय. U व V यांचा गुणाकार म्हणजे त्या पदार्थाची दर मिनिटाला मूत्रावाटे बाहेर पडणारी राशी. तिला रक्तद्रवातील संहतीने भागले, की ती राशी किती मिलिलिटर रक्तद्रवात सामावलेली होती हे समजते.

या संख्येचा अर्थ पदार्थागणिक बदलतो. मूत्रपिंडातील केशिकागुच्छांत रक्तद्रवाचा काही भाग गाळला जातो. पुढे नलिकांमध्ये गाळलेल्या पदार्थांपैकी काहींचे पुनःशोषण होते, तर काही पदार्थ रक्तातून नलिकेत जादा सोडले जातात. यास स्रवण म्हणतात. निरोगी व्यक्तीत गाळले गेलेले सर्व ग्लुकोज परत शोषले जाते, म्हणून त्याचे निष्कासन शून्य असते. गाळणाचा वेग मोजायचा तर ज्याचे पुनःशोषणही होत नाही आणि स्रवणही होत नाही, असा पदार्थ हवा.

## इन्युलिन आणि गाळणवेग

इन्युलिन ही चिकोरीच्या मुळांत व डेलियाच्या कंदांत आढळणारी, फ्रुक्टोजच्या साखळीने बनलेली शर्करा आहे. इन्सुलिन या संप्रेरकाशी तिचा संबंध नाही. ती केशिकागुच्छातून मुक्तपणे गाळली जाते, रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटत नाही, शरीरात तिचे विघटन होत नाही आणि नलिका तिला शोषत वा स्रवत नाहीत. त्यामुळे जेवढे इन्युलिन गाळले गेले, तेवढेच मूत्रात येते आणि तिचे निष्कासन म्हणजेच गाळणवेग ठरतो. १९३० च्या दशकात होमर स्मिथ व ए. एन. रिचर्ड्स यांच्या संशोधक गटांनी ही पद्धत प्रस्थापित केली.

इन्युलिन शरीरात तयार होत नसल्याने ते शिरेतून द्यावे लागते. प्रथम एक मोठी मात्रा व त्यानंतर संथ, अखंड मात्रा देऊन रक्तातील पातळी स्थिर ठेवतात. व्यक्तीस पुरेसे पाणी पाजून ठरावीक वेळेत मूत्राशय पूर्ण रिकामे करवून मूत्र गोळा करतात व त्याच कालावधीत रक्ताचा नमुना घेतात. समजा, मूत्रप्रवाह मिनिटाला २ मिलि., मूत्रातील इन्युलिन मिलिलिटरमागे १५ मिग्रॅ. आणि रक्तद्रवातील ०.२५ मिग्रॅ. आहे. तर १५ × २ = ३० मिग्रॅ. इन्युलिन दर मिनिटाला बाहेर पडते आणि ३० ÷ ०.२५ = १२० मिलि. प्रतिमिनिट हा गाळणवेग होतो. रक्तातील इन्युलिनची पातळी वाढवली, तरी हे उत्तर बदलत नाही. कारण गाळणाला संपृक्ततेची मर्यादा नसते.

## क्रिएटिनिन

इन्युलिनची चाचणी वेळखाऊ असल्याने नित्याच्या कामात क्रिएटिनिन वापरतात. हे स्नायूंतील क्रिएटिनपासून रोज जवळजवळ सारख्या प्रमाणात तयार होते, म्हणून बाहेरून काही टोचावे लागत नाही. २४ तासांचे मूत्र व रक्ताचा एक नमुना पुरतो.

मात्र क्रिएटिनिनचे थोडे स्रवणही होते. त्यामुळे त्याचे निष्कासन खऱ्या गाळणवेगापेक्षा काहीसे जास्त येते, आणि मूत्रपिंड जसजसे निकामी होत जाते तसतसा स्रवणाचा वाटा वाढून ही फुगवणूक ठळक होते. सिमेटिडिन हे औषध स्रवण रोखते. ते घेतल्यास गाळण न घटताही रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते.

याहून नेहमीची चूक मूत्र गोळा करताना होते. ७० किलो वजनाच्या तरुण पुरुषाचे उदाहरण घेऊ. २४ तासांत १,४४० मिलि., म्हणजे मिनिटाला १ मिलि. मूत्र जमले, त्यात क्रिएटिनिन मिलिलिटरमागे १.१ मिग्रॅ. आणि रक्तद्रवात ०.०१ मिग्रॅ. आहे. निष्कासन ११० मिलि. प्रतिमिनिट येते. आता सहा तासांचे मूत्र बाटलीत न पडता वाया गेले, तर १,०८० मिलि.च उरते, प्रवाह ०.७५ मिलि. धरला जातो आणि उत्तर सुमारे ८२ येते. निरोगी माणूस आजारी ठरतो.

ही चूक ओळखण्यासाठी दिवसभरात बाहेर पडलेले एकूण क्रिएटिनिन पाहतात. पूर्ण संकलनात ते १,५८४ मिग्रॅ., म्हणजे किलोमागे सुमारे २३ मिग्रॅ. होते, अपुऱ्या संकलनात १,१८८ मिग्रॅ., म्हणजे किलोमागे १७ मिग्रॅ. तरुण पुरुषांत हे प्रमाण साधारणतः २० ते २५ असते, म्हणून दुसऱ्या संकलनावर विसंबता येत नाही. स्त्रियांत, वृद्धांत आणि स्नायू क्षीण झालेल्यांत अपेक्षित प्रमाण याहून कमी असते.

## रक्तद्रवाचा प्रवाह

मूत्रपिंडात येणारा सर्वच रक्तद्रव गाळला जात नाही. एकूण प्रवाह मोजायचा, तर एका फेरीतच रक्तातून जवळजवळ पूर्ण काढून टाकला जाणारा पदार्थ लागतो. पॅरा-अमिनोहिप्युरिक आम्ल हा त्यासाठीचा मार्गदर्शक पदार्थ आहे. त्याचा काही भाग गाळला जातो आणि उरलेला बहुतांश भाग नलिकांच्या पेशी रक्तातून खेचून मूत्रात सोडतात.

इन्युलिनच्या चाचणीतील व्यक्तीलाच हे आम्ल दिले, असे समजू. रक्तद्रवात ते मिलिलिटरमागे ०.०२ मिग्रॅ. व मूत्रात ६ मिग्रॅ. असेल, तर (६ × २) ÷ ०.०२ = ६०० मिलि. प्रतिमिनिट हे उत्तर मिळते. मूत्रपिंडातील काही रक्त स्रवण न करणाऱ्या भागांतून जाते, त्यामुळे सुमारे ९० टक्केच आम्ल निघते. म्हणून या आकड्यास ‘परिणामी’ रक्तद्रव प्रवाह म्हणतात. खरा प्रवाह ६०० ÷ ०.९, म्हणजे सुमारे ६६७ मिलि. असतो. रक्तात पेशींचा वाटा ४० टक्के धरल्यास रक्तप्रवाह ६६७ ÷ ०.६, म्हणजे मिनिटाला सुमारे १,१०० मिलि. होतो.

येथे पातळी कमी राखणे अत्यावश्यक आहे. स्रवण करणाऱ्या पेशींची क्षमता मर्यादित असते. ती ओलांडली, की बरेच आम्ल मूत्रपिंडाच्या शिरेतून परत जाते आणि प्रवाह खोटा कमी दिसतो. नलिका रोगग्रस्त असल्यासही हेच घडते. अशा वेळी मूत्रपिंडाच्या शिरेतील रक्त तपासून प्रत्यक्षात किती आम्ल निघाले, हे पाहावे लागते.

## गाळण अंश

गाळणवेगास परिणामी रक्तद्रव प्रवाहाने भागले, की गाळण अंश मिळतो. वरील व्यक्तीत तो १२० ÷ ६००, म्हणजे ०.२ आहे, मूत्रपिंडात आलेल्या रक्तद्रवापैकी सुमारे पाचवा हिस्सा गाळला गेला. केशिकागुच्छातून रक्त बाहेर नेणारी धमनिका आकुंचन पावली, तर प्रवाह घटतो. पण गुच्छातील दाब वाढल्याने गाळण तितके घटत नाही आणि अंश वाढतो. हा फरक एकट्या क्रिएटिनिनच्या चाचणीतून दिसत नाही. त्यासाठी दोन्ही मापने लागतात.