मेळ्यातून मखरात: सोळा ओळींची कुळकथा

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या सोसायट्यांत भाद्रपदात सजावट स्पर्धेचे पत्रक जिन्याखालच्या फलकावर लागते. विषय सामाजिक असावा, सजावट पर्यावरणपूरक असावी आणि सोबत विषयाला धरून सोळा ओळींच्या आत स्वरचित कविता असावी, अशी अट त्यात दिसते. मग मखराच्या उजव्या अंगाला, समईच्या जरा वर, जाड कागदावर लिहिलेली एक कविता उभी राहते. येणारा पाहुणा आधी मूर्तीला हात जोडतो, मग देखावा न्याहाळतो आणि शेवटी त्या कागदापाशी थांबतो. हा कागद मखराशी आला कुठून, त्याची ही कुळकथा.

त्याचा थेट पूर्वज म्हणजे मेळ्याचे पद. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला आणि त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत गणपती बसला. पाठोपाठ पुण्यात मेळे निघाले. एकसारखा पोशाख केलेली मुले आणि तरुण गणपतीपुढे व रस्त्याने पदे म्हणत जात. चाल लोकांच्या ओळखीची आणि शब्द त्या वर्षीचे. पदांच्या छोट्या पुस्तिकाही छापल्या जात. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्याच्यापर्यंत बातमी आणि मत गाण्यातून पोहोचे. सरकारने याची इतकी गंभीर दखल घेतली, की १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात गणेशोत्सवातील या पदांचा उल्लेख आला.

या पूर्वजाचे दोषही सांगायला हवेत. सुरुवातीच्या काही पदांत स्वराज्याच्या ओढीबरोबर मुसलमानांविषयीची तेढ होती. पुढे विसाच्या दशकात पुण्यात केशवराव जेधे यांच्या पुढाकाराने छत्रपती मेळा उभा राहिला आणि ब्राह्मणेतर चळवळीची बाजू पदांतून मांडू लागला. सन्मित्र समाज मेळ्याशी त्याचा सामना जुंपला तेव्हा दोन्हीकडची भाषा बोचरी झाली. चालीत बांधलेला शब्द लवकर पाठ होतो आणि तितकाच लवकर जिव्हारी लागतो, हे त्या काळाने दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर मेळे ओसरत गेले. त्यांच्या जागी देखावा मोठा झाला. हलती चित्रे आली, ध्वनिक्षेपक आला आणि पदाची जागा ध्वनिमुद्रित निवेदनाने घेतली. याच काळात उपनगरेही मुंबईला जोडली गेली. १९५० मध्ये महापालिकेची हद्द अंधेरीच्या पुढे जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत सरकली, १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडला भिडली. पुढे गिरगाव-परळच्या चाळींतली कुटुंबे उपनगरांतल्या इमारतींत राहायला आली, तेव्हा त्यांच्याबरोबर उत्सवही आला. मात्र चाळीची गॅलरी आणि चौक मागेच राहिला. गणपती दिवाणखान्यात बसला, तिथे मेळा उभा राहायला जागा नव्हती. गाणारा गेला आणि पदाचा कागद झाला.

अलीकडच्या वर्षांत या कागदाला नवे महत्त्व आले. २०१६ मध्ये राज्य सरकारने लोकमान्य महोत्सव केला, तेव्हा मंडळांच्या स्पर्धेसाठी साक्षरता, व्यसनमुक्ती, जलसंवर्धन असे विषय ठरवून दिले होते. २०१८ मध्ये प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली. थर्माकोलचे तयार महाल बाजूला पडले. पुठ्ठा, कापड, कागदाची मखरे परतली आणि सजावटीत थाटापेक्षा कल्पना मोठी ठरू लागली. २०२० च्या साथीत घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा आली. दर्शनाला कोणी येईना, म्हणून सजावटीची छायाचित्रे फोनवरून फिरू लागली. छायाचित्रात देखाव्याचा अर्थ सांगायला यजमान शेजारी उभा नसतो. ते काम कवितेवर आले.

आता सोळा ओळींचे गणित. चार ओळींचे एक कडवे, अशी चार कडवी. मराठीत पादाकुलक नावाचे सोपे जातिवृत्त आहे. त्याच्या प्रत्येक ओळीत सोळा मात्रा असतात, आठ आणि आठ अशा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. या चालीतल्या सोळा ओळी सावकाश म्हणायला साधारण एक मिनिट लागते. हात जोडून उभा राहिलेला पाहुणा तेवढाच वेळ देतो, मागचा माणूसही तेवढाच वेळ थांबतो.

एक उदाहरण बांधून पाहू. विषय उपनगराचा घ्यावा: लोकलचे रूळ ओलांडणे. मखरात पुठ्ठ्याचे स्थानक, काड्यांचा पादचारी पूल, खाली रूळ. पहिल्या झटक्यात असे सुचते:

रुळ ओलांडू नका कधीही,
जीव आपुला जपा सदाही.

मोजा, दोन्ही ओळी सोळा मात्रांच्या भरतात आणि यमकही जुळते. तरी या ओळी मेलेल्या आहेत. हे स्थानकावरच्या पाटीवर आधीच लिहिलेले असते आणि देखाव्यात जे दिसते त्यात या ओळी काहीच भर घालत नाहीत. आता सूचना काढून माणूस आत आणू:

पूल चढाया वेळ न उरला,
म्हणून बाबा रुळांत शिरला.
घरी आरती थांबुन राहे,
ताट दिव्याचे वाटच पाहे.

इथे उपदेशाचा एकही शब्द नाही. पुठ्ठ्याच्या रुळांवर बाबा दिसला आणि मखरातल्या खऱ्या आरतीच्या ताटाशी त्याची गाठ पडली. दुसऱ्या कडव्यात गाडीचा भोंगा यावा. तिसऱ्यात फलाटावरच्या कोणीतरी मारलेली हाक आणि मागे वळलेले पाऊल. चौथ्यात निश्चय, त्याचा शेवट असा:

उशीर होवो, घरीच भेटू,
आरती करू, मोदक वाटू.

स्पर्धांतल्या कविता बहुधा तीन ठिकाणी पडतात. पहिल्याच कडव्यात संदेश सांगून टाकला, तर उरलेल्या बारा ओळी त्याचीच उजळणी करतात. यमकासाठी 'सदाही', 'सर्वथा' असे शब्द ओढून आणले, की घरातल्या आजीलाच ते आपले वाटत नाहीत. आणि शेवटी 'बाप्पा, सर्वांना सद्बुद्धी दे' म्हटले, की माणसाने करायचे काम देवाच्या माथी जाते. कविता उभी राहिली का, हे ओळखायची खूण सोपी आहे. कागद झाकून फक्त देखावा पाहा, मग देखावा झाकून फक्त कागद वाचा. दोन्हीकडून सारेच कळत असेल, तर त्यातले एक जास्तीचे आहे.

मात्रा चुकली हे डोळ्यांना कळत नाही. मांडीवर आठ-आठची थाप देत ओळ म्हटली, की जिथे जीभ अडखळते तिथे चूक सापडते. तालाची ही कसोटी मेळ्याच्या पदाकडून आलेली आहे. म्हणून यंदा कोणाच्या घरी मखराशेजारी असा कागद दिसला, तर मनातल्या मनात वाचून पुढे जाऊ नका. घरातल्या मुलाला तो मोठ्याने म्हणायला सांगा आणि आपणही थाप द्या. हे पद गाण्यासाठी जन्मले होते.