केशरंग : परमनंट, डेमी-परमनंट, सेमी-परमनंट आणि टेम्पररी

केसांना बाहेरून दिलेला रंग, म्हणजे जुन्या बोलीतला कलप आणि आजचा हेअर डाय किंवा हेअर कलर, किती दिवस टिकतो यावरून त्याचे चार प्रकार करतात : परमनंट (कायम), डेमी-परमनंट, सेमी-परमनंट आणि टेम्पररी (तात्पुरता). टिकण्याचा काळ हा मात्र परिणाम आहे. रंगाचा रेणू केसाच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचतो आणि तिथे गेल्यावर त्याचे काय होते, हे त्यामागचे कारण. ते लक्षात घेतले की खोक्यावरच्या जाहिरातीकडे न पाहताही रंगाचा प्रकार ओळखता येतो.

केसाचे बाहेरचे आवरण कौलांसारख्या एकमेकांवर चढलेल्या चपट्या खवल्यांचे असते. आत गाभा असतो आणि केसाला काळा, तपकिरी किंवा तांबूस छटा देणारे मेलॅनिन याच गाभ्यात विखुरलेले असते. पांढऱ्या केसात ते जवळजवळ नसते. खवले पाण्याने थोडे आणि अमोनियासारख्या अल्कलीने बरेच उघडतात. चारही प्रकारांतला फरक या खवल्यांपाशी सुरू होतो.

परमनंट रंगाच्या नळीत तयार रंग नसतोच. तिच्यात लहान, जवळपास रंगहीन रेणू असतात. पॅरा-फिनिलीनडायअमीन (पीपीडी) किंवा त्याचे भावंड टोल्युइन-डायअमीन हा त्यातला मुख्य घटक, आणि रिसॉर्सिनॉलसारखे जोडीदार रेणू छटा ठरवतात. लावण्याआधी त्यात डेव्हलपर मिसळतात, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. अल्कली खवले उघडते आणि लहान रेणू गाभ्यात शिरतात. पेरॉक्साइड तिथे दोन कामे करते : मूळ मेलॅनिन काही अंशी नष्ट करते आणि आत आलेल्या रेणूंची सांधणी करून त्यांचे मोठे रंगीत रेणू बनवते. आलेल्या वाटेने परत जाण्याइतके ते लहान राहत नाहीत, म्हणून रंग धुऊन निघत नाही. थोडा फिकटतो, आणि केस वाढतो तसा मुळाशी जुना रंग दिसू लागतो. पीपीडीवर आधारलेला असा कलप फ्रेंच रसायनज्ञ यूजीन श्युलेर यांनी 1907 मध्ये तयार केला. लोरेआल कंपनीची सुरुवात तिथून झाली.

डेव्हलपरची ताकद पार्लरमध्ये ‘व्हॉल्यूम’मध्ये सांगतात. 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9 आणि 40 म्हणजे 12 टक्के. पांढरे केस झाकायला सहसा 20 व्हॉल्यूम पुरतो. त्यापुढची ताकद मूळ रंग अधिक उजळवण्यासाठी असते. पांढऱ्या केसात उजळवायला काही नसतेच, त्यामुळे ‘जास्त ताकदीने जास्त पक्का’ हा समज चुकीचा आहे. वेळेत मात्र काटकसर चालत नाही. पांढऱ्या केसांवर रंग बहुधा 30 ते 45 मिनिटे ठेवायला सांगतात. घाईने पंधरा-वीस मिनिटांत धुतला तर रेणूंची सांधणी अर्धवट राहते, रंग त्या दिवशी ठीक दिसतो आणि दोन-तीन आठवड्यांत तांबूस पडतो. लोक मग कंपनीला दोष देतात.

या प्रकाराची एक मर्यादा पार्लरमध्ये रोज वादाचे कारण ठरते : रंगावर रंग चढतो, उतरत नाही. वर्षानुवर्षे काळा कलप लावलेल्या केसांवर मध्यम तपकिरी रंग लावला तर मुळाशी नव्याने आलेले दोन सेंटिमीटर तपकिरी होतात आणि खालचा भाग काळाच राहतो. पेरॉक्साइड नैसर्गिक मेलॅनिन फोडते, पण आधीच्या कलपाचे रेणू त्याला सहज फुटत नाहीत. त्यासाठी ब्लीच किंवा रंग काढण्याचे वेगळे रसायन लागते.

डेमी-परमनंट हा त्याच घराण्यातला सौम्य रंग. यातही पीपीडी किंवा तत्सम रेणू असतात आणि डेव्हलपरही मिसळावाच लागतो, पण तो कमी ताकदीचा, साधारण दीड ते चार टक्क्यांचा. अमोनिया नसतो, किंवा त्याच्या जागी मोनोइथेनॉलअमीनसारखी मंद अल्कली अल्प प्रमाणात असते. खवले कमी उघडतात, मूळ रंग फारसा उजळत नाही, आणि सांधणी गाभ्याच्या बाहेरच्या भागातच होते. रंग हळूहळू धुऊन जातो. 24 ते 28 धुण्यांपर्यंत टिकतो असे उत्पादक सांगतात. हा हिशेब धुण्यांचा आहे, दिवसांचा नाही. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या बाईला हाच रंग तीन महिने पुरतो, आणि रोज डोक्यावरून आंघोळ करणाऱ्या पुरुषाला जेमतेम एक महिना. ब्लीच केलेल्या किंवा रुक्ष टोकांना तो बराच काळ चिकटून राहतो, म्हणून ‘पूर्ण धुऊन जाईल’ असे वचन कुणालाही देऊ नये.

सेमी-परमनंट रंगात घडवायचे काही नसते. रेणू आधीच रंगीत असतात, डेव्हलपर लागत नाही, नळीतून थेट केसांवर लावायचे. ते खवल्यांखाली आणि गाभ्याच्या काठावर अडकून बसतात आणि चार ते बारा धुण्यांत निघतात. हा प्रकार केस उजळवू शकत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या काळ्या केसांवर त्याची जेमतेम झाक उन्हात दिसते. कॉलेजातल्या मुलांना हवा असलेला झगझगीत निळा किंवा गुलाबी रंग याच प्रकारचा असतो, पण त्याआधी केस ब्लीच करावे लागतात. रंग महिन्यात जातो, ब्लीचने झालेली झीज केस कापेपर्यंत राहते. ‘थोड्याच दिवसांचा तर आहे’ म्हणून घरात परवानगी मिळते तेव्हा ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. ब्लीच पुरेसे झाले नाही तर केस पिवळे राहतात, आणि पिवळ्यावर निळा बसला की हिरवट दिसतो.

टेम्पररी रंगाचे रेणू किंवा कण मोठे असतात आणि केसाच्या पृष्ठभागावरच राहतात. स्प्रे, खडू, जेल, भांगात लावायची पावडर, ब्रशाची कांडी अशी त्याची रूपे आहेत. एका धुण्यात तो जातो. घाम, पाऊस आणि उशीचा अभ्रा यांच्याशी त्याचे पटत नाही. रंगमंचावर तरुण नटाला म्हातारा करणारा पांढरा रंग याच वर्गातला. ब्लीच केलेल्या केसांचे खवले उघडे असल्याने त्यांवर मात्र याचाही डाग राहतो. धुळवडीनंतर अशा केसांतला गुलाबी रंग आठवडाभर जात नाही तो यामुळेच.

खोक्यावरची भाषा या चार नावांशी नेहमी प्रामाणिक नसते. ‘अमोनिया नाही’ याचा अर्थ सेमी-परमनंट असा होत नाही. अमोनियाऐवजी दुसरी अल्कली घातलेले पक्के परमनंट रंग सर्रास मिळतात. ‘शॅम्पूसारखा लावा’ म्हणून विकले जाणारे अनेक रंगही परमनंटच असतात. पाण्यात कालवायच्या काळ्या पावडरमध्ये आणि ‘काळी मेंदी’ नावाच्या पुड्यांतही बहुधा पीपीडीच काम करते. निव्वळ मेंदीच्या पानाने केस काळे होत नाहीत, नारिंगी-तांबडे होतात. ओळखण्याची साधी खूण वाटीत दिसते. कालवलेले मिश्रण दहा-पंधरा मिनिटांत आपोआप गडद होत गेले तर तो ऑक्सिडीकरणाने घडणारा, म्हणजे परमनंट किंवा डेमी रंग. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच रंग राहिला तर सेमी किंवा टेम्पररी.

निवड कशी करावी हे एका उदाहरणाने पाहू. समजा, पंचेचाळिशीच्या एका शिक्षिकेचे केस 30 सेंटिमीटर लांब, गडद तपकिरी आहेत. कानशिलांजवळ साधारण तिसरा हिस्सा पांढरा झाला आहे आणि आधी कधी कलप लावलेला नाही. सेमी-परमनंट पांढऱ्या केसांवर पुरेसा चढणार नाही आणि महिन्याभरात उतरेल. परमनंटने सारे झाकले जाईल, पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्यात भांगात पांढरी रेघ उमटेल आणि तिथून सुटका नाही. इथे डेमी योग्य. निम्म्यापर्यंत पांढरे केस तो नीट मिसळून टाकतो. पूर्ण झाकत नाही, पांढरा केस बाकीच्यांहून किंचित फिकट दिसतो आणि तेच नैसर्गिक वाटते. तो फिकटतही जात असल्याने मुळाशी रेघ ठळक होत नाही. छटा मूळ रंगाहून एक पायरी उजळ घ्यावी, कारण डेमी टोकांवर गडद बसतो. आधी कानशिलांवर लावावा आणि टोकांवर शेवटची पाचच मिनिटे ओढावा.

पुढे पांढऱ्याचे प्रमाण निम्म्यावर गेले की परमनंटवर यावे लागेल, पण फक्त मुळांना, म्हणजे रूट टचअप. दर पाच आठवड्यांनी सगळ्या केसांना कलप लावला तर काय होते ते मोजता येते. 30 सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक अडीच वर्षांचे असते. एवढ्या काळात त्याला सुमारे 26 वेळा पेरॉक्साइड लागते. टोके काळीकुट्ट, निस्तेज आणि तुटकी होण्याचे कारण हेच. लांबीचा रंग ताजा करायचा असेल तर तिथे डेमी वापरावा. एखाद्या समारंभापुरते दोन टचअपमधले अंतर काढायचे असेल तर भांगात टेम्पररी पावडर पुरते.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत डेमी हा परमनंटहून सुरक्षित नाही, कारण रेणू तेच आहेत. युरोपीय संघात केसांवर लावायच्या मिश्रणात पीपीडीची कमाल मर्यादा 2 टक्के आहे, पण ज्याला तिची अ‍ॅलर्जी जडली आहे त्याला त्याहून कितीतरी कमीही बाधते. दहा वर्षे निर्धास्त कलप लावणाऱ्यालाही ती अकराव्या वर्षी होऊ शकते. हातावर काळ्या ‘मेंदी’चे टॅटू काढल्यावर खाज आली असेल तर ती पीपीडीची पूर्वसूचना समजावी. चाचणी म्हणून थोडे मिश्रण कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास पाहावे. खाज, लाली, पुटकुळ्या आल्या किंवा पापण्या सुजल्या तर तो रंग आणि त्या घराण्यातले सगळे रंग वर्ज्य. भुवया-पापण्यांना हे रंग कधीच लावू नयेत; डोळ्यांना इजा होऊन दृष्टी जाऊ शकते.

धातूंचे क्षार असलेली तेले, लोशने किंवा मिश्र मेंदी पूर्वी वापरली असेल तर पेरॉक्साइडशी त्यांची तीव्र प्रतिक्रिया होते. म्हणून जाणकार कारागीर आधी कंगव्यात अडकलेले चार केस 6 टक्के पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या काही थेंबांत अर्धा तास बुडवून पाहतात. मिश्रण तापले, फेसाळले, वास सुटला किंवा केसांचा रंग अचानक बदलला तर परमनंट आणि डेमी दोन्ही बाजूला ठेवून, तेवढा भाग वाढून कापला जाईपर्यंत सेमी-परमनंट किंवा टेम्पररीवरच भागवावे लागते.