सप्रेम नमस्कार, दंडवत, जोहार, जय भीम

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा एका मित्राच्या घरी नागपूरला गेलो. दार त्याच्या वडिलांनी उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "जय भीम, या." मी घरून पाठ करून आल्यासारखं म्हटलं, "नमस्कार काका." ते हसले, पाणी आलं, पोहे आले. तरी रात्री झोपताना मला राहून राहून वाटत होतं की आपण काहीतरी चुकीचं बोललो. नेमकं काय, ते कळत नव्हतं. 'नमस्कार' या शब्दात चुकण्यासारखं काय असतं?

असतं. निदान अडीचशे वर्षांपूर्वी तरी होतं.

शाळेत पत्रलेखन शिकताना आपण 'सा. न. वि. वि.' लिहितो. त्याचा अर्थ 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. दोन गुणांसाठी आपण तो मायना पाठ करतो आणि विसरतो. पण पेशवाईतली पत्रं उघडली की मायना हा पत्राचा सगळ्यांत बोलका भाग आहे हे लक्षात येतं. ब्राह्मण ब्राह्मणाला नमस्कार लिहितो. मराठा सरदार ब्राह्मण कारभाऱ्याला दंडवत लिहितो आणि उलट टपाली त्याला आशीर्वाद येतात, मग सरदाराच्या हाताखाली हजारो घोडेस्वार का असेनात. बरोबरीची मराठा मंडळी एकमेकांना रामराम करतात. महारांच्या तोंडी जोहार. म्हणजे समोरासमोर भेट असो की कागद, पहिल्याच शब्दात कोण कुठे उभा आहे हे ठरून जाई. नाव, गाव, काम नंतर.

म्हणूनच कोणी आपला शब्द बदलला तर त्यावरून भांडण पेटत असे. सोनारांचं प्रकरण यातलं गाजलेलं. दैवज्ञ सोनार स्वतःला ब्राह्मण म्हणवत आणि एकमेकांना नमस्कार करत. पुण्याच्या ब्राह्मणांना ते मान्य नव्हतं. पुण्यात पेशव्यांचं राज्य, तिथे बंदी घालणं सोपं होतं. पण मुंबईतले सोनार इंग्रजांच्या हद्दीत. शेवटी मुंबईच्या इंग्रज सरकारनेच ९ ऑगस्ट १७७९ रोजी सोनारांनी 'नमस्कार' म्हणू नये असा हुकूम काढला. तारीख पाहा. त्याच वर्षी जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजी फौजेला शरण आणलं होतं. लढाई अजून मिटली नव्हती. आणि तशात एका व्यापारी कंपनीचं कौन्सिल बसून ठरवत होतं की कोणत्या जातीने हात जोडून कोणता शब्द उच्चारावा. मला हे वाचताना आधी हसू आलं, मग आलं नाही. शब्दावर बंदी घालावी लागते याचा अर्थ तो शब्द मिळवण्यासाठी माणसं धडपडत होती.

जोहाराची गोष्ट उलट्या दिशेने जाते. तो शब्द कोणी हिसकावून घेतला नाही, तो लादला गेला होता. वेशीबाहेरून, अंतर राखून, वाकून म्हणायचा. चोखोबांच्या आणि एकनाथांच्या रचनांत जोहार येतो तो या वापरातूनच. विसाव्या शतकात शिकलेल्या दलित तरुणांना तो तोंडातून काढायलाही नको वाटू लागला यात नवल नाही. मग त्याऐवजी काय म्हणायचं? रामराम म्हणावं तर राम आला. नमस्कार म्हणावं तर तो ज्यांनी राखून ठेवला होता त्यांचाच.

इथे कामठीचे बाबू हरदास येतात. हरदास लक्ष्मणराव नगराळे. जन्म १९०४ चा, मृत्यू १९३९ मध्ये, म्हणजे पस्तिशीतच. १९३७ साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले होते. १९३५ च्या सुमारास त्यांनी आपल्या कार्यकर्त्यांत 'जय भीम' रूढ करायला सुरुवात केली. सांगतात की मुसलमान एकमेकांना भेटल्यावर सलाम करतात आणि त्याला ठरलेलं उत्तर असतं, हे पाहून त्यांना कल्पना सुचली. आधी उत्तर 'बल भीम' असावं असा विचार होता, पण शेवटी दोन्ही बाजूंनी 'जय भीम'च राहिलं. मला यातली ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दंडवताला आशीर्वाद हे उत्तर होतं. खालून एक शब्द जाई, वरून दुसरा येई. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम'च. म्हातारा म्हणो, पोर म्हणो, बाई म्हणो, शब्द तोच.

(जोहार मात्र संपला नाही. झारखंडातले आदिवासी आजही अभिमानाने जोहार म्हणतात. एकच शब्द, दोन ठिकाणी दोन आयुष्यं.)

तर मग मित्राच्या घरी दारात उभं राहून काय म्हणायचं? आज 'नमस्कार' कोणीही कोणालाही करतं, आणि तो सगळ्यांचा झाला हे चांगलंच झालं. मी त्या दिवशी चूक केली नव्हती. पण मित्राच्या वडिलांनी मला त्यांच्या घरातला शब्द दिला होता आणि मी तो हातात न घेता माझा पुढे केला. समोरच्याने 'जय भीम' म्हटलं तर 'जय भीम' म्हणावं, रामराम म्हटलं तर रामराम, 'राम कृष्ण हरी' म्हटलं तर तेच परत. त्यात आपलं काही जात नाही.

याची दुसरी बाजूही पाहिली आहे. आमच्याच ग्रुपमधल्या एकाने एका मैत्रिणीचं आडनाव ऐकून अंदाज बांधला आणि तिच्या आईला दारातच मोठ्याने 'जय भीम काकू' म्हटलं. त्या माउली सकाळपासून स्वयंपाकात होत्या, गोंधळून "हो हो, या" म्हणाल्या. अंदाज बरोबर होता. तरीही मैत्रीण दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याने शब्द परत केला नव्हता, आडनाव वाचून दाखवलं होतं. 'आडनाव काय?', 'मूळचे कुठले तुम्ही?' या प्रश्नांमागे जो शोध चालतो, तोच त्याने नमस्काराच्या जागी केला. आपल्याकडे ही सवय इतकी मुरलेली आहे की चहा यायच्या आत शोध पूर्ण होतो.

जुन्या मायन्यांत मला एक शब्द आवडतो. स्वतःच्या वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं. इतर वडीलधाऱ्यांना, म्हणजे मित्राच्या वडिलांनाही, 'तीर्थस्वरूप'. ते आपले वडील नाहीत हे 'स्व' या एका अक्षराने सांगितलं जातं आणि मान तितकाच राहतो.

पुढच्या दिवाळीत मी पुन्हा नागपूरला गेलो. दार काकांनीच उघडलं. या वेळी मीच आधी बोललो, "जय भीम काका." ते म्हणाले, "जय भीम. गाडी किती लेट होती?" तीन तास, मी म्हणालो, आणि बूट काढायला लागलो.